एम आणि एल एकाच मापाचे: टेक पॅकमधल्या एका रकान्यामुळे अडलेली ४८० कुर्त्यांची ऑर्डर

मी कपड्यांच्या लहान ब्रँड्ससाठी टेक पॅक, म्हणजे कपडा कसा आणि कोणत्या मापाचा शिवायचा हे कारखान्याला सांगणारी कागदपत्रं, तयार करते आणि कारखान्यात बसून ते अमलात येतात की नाही हे पाहते. खालचं प्रकरण पुण्यातल्या एका छोट्या लेबलचं आणि सोलापुरातल्या एका शिलाई युनिटचं आहे. दोन्हीकडच्या मंडळींची परवानगी घेतली आहे, नावं गाळली आहेत. नगांचे आणि मापांचे आकडे माझ्या वहीतले आहेत.

## पार्श्वभूमी

डिझायनर तिशीतली. स्वतःचं लेबल चालवते, बहुतेक विक्री ऑनलाइन, वर्षातून दोन-तीनदा प्रदर्शनात स्टॉल. त्याआधी तिने दोन वर्षं फक्त टी-शर्ट विकले होते. आता पहिल्यांदा मागावर विणलेल्या कापडाचा माल करायचा होता: कॉलर असलेला, पुढे पूर्ण बटणपट्टीचा, दोन्ही बाजूंना कट असलेला लांब शर्ट-कुर्ता. कापड सुती पॉपलिन, वजन चौरस मीटरला साधारण ११५ ग्रॅम, पन्हा ५८ इंच. शिवून झाल्यावर कपड्याला सॉफ्टनर वॉश द्यायचा, म्हणजे पहिल्या दिवसापासून कुर्ता मऊ लागतो.

ऑर्डर ४८० नगांची: एस ९०, एम १५०, एल १४०, एक्सएल १००.

कारखाना मुख्यतः शाळेचे आणि हॉस्पिटलचे युनिफॉर्म शिवणारा. शिवण स्वच्छ, मशिनं चांगली, मालक शब्दाला पक्के. कटिंग मास्तर तीस वर्षं याच कामात. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे जे झालं ते कोणाच्या हलगर्जीमुळे झालं नाही.

## कारखान्याकडे गेलेला टेक पॅक

नऊ पानांची पीडीएफ होती आणि वरवर पाहता चांगली होती. पहिल्या पानावर स्टाइल नंबर, सीझन, तारीख आणि पुढून-मागून सपाट रेखाचित्र. दुसऱ्यावर शिवणीचे तपशील, बाण काढून: कॉलरला काठापासून पाव इंचावर टॉप स्टिच, बटणपट्टीला ताठपणासाठी फ्युजिंग, तळाला अर्धा इंच दुमड, शिलाई इंचाला ११ टाके. पुढे सामानाची यादी, जिला सगळे बीओएम म्हणतात: कापड, दोरा, फ्युजिंग, बटणं किती आणि केवढ्या मापाची, मेन लेबल, साइज लेबल, वॉशकेअर लेबल, पॉलिबॅग. रंगासाठी पॅन्टोनचे नंबर. घडी कशी घालायची आणि बारकोड कुठे लावायचा, याचंही एक पान होतं.

सातव्या पानावर मापांचा तक्ता. या प्रकरणाचा सगळा जीव त्या एका पानात आहे, म्हणून त्यातल्या कामाच्या ओळी इथे देते. मापं इंचात, छाती आणि घेर कपडा सपाट ठेवून, म्हणजे अर्धी.

| मापाची जागा | एस | एम | एल | एक्सएल | टॉलरन्स |
|---|---|---|---|---|---|
| छाती | १९ | २० | २१ | २२.५ | ± ०.५ |
| खांदा | १४.५ | १५ | १५.५ | १६.२५ | ± ०.५ |
| लांबी | ४२ | ४२ | ४२ | ४२ | ± ०.५ |
| कॉलर | १४.५ | १५ | १५.५ | १६ | ± ०.५ |
| तळाचा घेर | २२ | २३ | २४ | २५.५ | ± ०.५ |

टॉलरन्स म्हणजे कारखान्याला दिलेली सूट. कापड हे लोखंड नाही. कापताना, शिवताना, धुताना, इस्त्री करताना ते थोडं हलतंच. म्हणून प्रत्येक मापासमोर लिहायचं असतं की किती कमी-जास्त झालं तरी माल पास. इथे सगळ्या ओळींना एकच आकडा होता, अर्धा इंच.

तक्त्यात आणखी तीन गोष्टी नव्हत्या. छाती नेमकी कुठे मोजायची हे लिहिलेलं नव्हतं. लांबी कुठून मोजायची, मानेजवळच्या खांद्याच्या टोकापासून की मागच्या गळ्याच्या मध्यापासून, हेही नव्हतं. आणि ही मापं वॉशच्या आधीची की नंतरची, हा शब्द नऊ पानांत कुठेच नव्हता.

## अडचण

माल पुण्यात आला, पहिले तीस-चाळीस नग विकले गेले आणि परत येऊ लागले. कोणी लिहिलं, "एम मागवला, सैल आहे." कोणी एल मागवला होता, त्यांना तो तंग. डिझायनरने गोडाऊनमध्ये एक एम आणि एक एल एकमेकांवर ठेवले, तर बाजूच्या शिवणी एकमेकींवर तंतोतंत बसल्या. तेव्हा तिने मला फोन केला.

"ताई, लेबलं उलटीसुलटी लागलीत का?"

लेबलं बरोबर होती. खांदा एमचा १५ आणि एलचा साडेपंधराच होता. छाती मात्र दोघांची साडेवीस.

तिने कारखान्याच्या मालकांना फोन लावला, तेव्हा त्यांनी शांतपणे सांगितलं, "मॅडम, तुमच्या शीटमध्येच आहे. एम वीस, अर्धा इंच जास्त चालेल. एल एकवीस, अर्धा इंच कमी चालेल. दोन्ही माल पास आहे."

कागदावर ते शंभर टक्के बरोबर होते. मला हे पटायला दोन मिनिटं लागली, तिला दोन दिवस.

## अर्धा इंच आला कुठून

आधी मी तिला विचारलं की हा आकडा तू ठरवलास कसा. ती म्हणाली, जुन्या टेक पॅकमध्ये होता. जुना टेक पॅक टी-शर्टचा. तो उघडून पाहिला: छाती एस १८, एम २०, एल २२. दोन साइझमधलं अंतर दोन इंच. तिथे अर्धा इंच सूट दिली तरी सगळ्यात मोठा एम साडेवीस आणि सगळ्यात छोटा एल साडेएकवीस, मध्ये पुरता एक इंच मोकळा राहतो. शिवाय होजिअरीचं कापड अंगावर ताणलं जातं.

कुर्त्यात दोन साइझमधलं अंतर एक इंच. टॉलरन्स मात्र तसाच खाली उतरला. त्यामुळे एमची वरची हद्द आणि एलची खालची हद्द एकाच बिंदूवर येऊन टेकली. आमच्याकडे मास्तर लोक सुतात बोलतात, आठ सूत म्हणजे एक इंच. त्या भाषेत हिशोब चटकन दिसतो: दोन साइझमध्ये आठ सूत जागा आहे, एमला चार सूत वर जायची मुभा, एलला चार सूत खाली यायची मुभा. आठातून आठ गेले, शिल्लक काही नाही.

दुसरा गोंधळ तिच्या डोक्यातला. तिला वाटत होतं की अर्धा इंच म्हणजे अंगाभोवती अर्धा इंच. पण तक्ता सपाट मापाचा. सपाट छातीत अर्धा इंच म्हणजे घेरात एक इंच. तिने कळत-नकळत मनातल्यापेक्षा दुप्पट सूट लिहून दिली होती. असे घोटाळे मी बरेच पाहिले आहेत. तक्त्याच्या डोक्यावर "सपाट" किंवा "पूर्ण" हा एक शब्द नसतो, आणि दोन माणसं दोन अर्थ घेऊन काम करतात.

## एम फुगला का, एल आखडला का

टॉलरन्सने परवानगी दिली हे खरं, पण माल मुळात हलला का? त्यासाठी मी सोलापूरला गेले. मास्तरांनी पॅटर्न, मार्कर म्हणजे कापडावर पॅटर्न मांडण्याचा आराखडा, आणि उरलेल्या कापडाचे तुकडे काढून ठेवले होते.

पहिलं कारण बाजूच्या शिवणीत सापडलं. पॅटर्नमध्ये बाजूला शिवणीसाठी चार सूत माया सोडलेली होती. टेक पॅकमध्ये "बाजूची शिवण पाच धाग्यांचं ओव्हरलॉक" एवढंच होतं, शिवणीत कापड किती घ्यायचं हे नव्हतं. पहिल्या लाइनवरची मशिनं तीन सूत घेत होती. म्हणजे प्रत्येक कडेला एक सूत कापड शिवणीबाहेर राहिलं. कुर्त्याला बाजूच्या कडा चार: पुढच्या भागाच्या दोन, मागच्याच्या दोन. चार सूत घेरात, म्हणजे सपाट मापात दोन सूत वाढ. एमचा सगळा माल याच लाइनवर गेला होता.

दुसरं कारण कटिंग टेबलावरचं. एमचा थर उंच लावला होता. उभ्या सुरीचं पातं उंच थरात जरा कलतं, आणि वरचा ताव आणि तळाचा ताव एकसारखे निघत नाहीत. कडेला अर्धं सूत फरक म्हणजे तसं काहीच नाही, पण चार कडा मिळून सपाट मापात आणखी एक सूत. दोन आणि एक, तीन झाले. वीसचा एम वीस इंच तीन सुतांवर गेला तो असा, कुठेही मोठी चूक न होता.

एल दुसऱ्या लाइनवर शिवला गेला. तिथली सुपरवायझर जुनी, तिने सवयीने मशिनची सुरी लावून पूर्ण चार सूत घ्यायला लावले होते. म्हणून तिथे वाढ झाली नाही. पण एलचे अर्ध्याहून जास्त नग कापडाच्या दुसऱ्या लॉटमधून कापले होते. मी त्या लॉटचा तुकडा घेऊन त्यावर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखला, तोच वॉश दिला, वाळवला, इस्त्री केली आणि पुन्हा मोजला. आडव्या दिशेने साडेअठ्ठेचाळीस भरला, म्हणजे ३ टक्के आटला. पहिल्या लॉटचा तुकडा आडवा साडेएकोणपन्नास, म्हणजे १ टक्का. मास्तरांनी पॅटर्नमध्ये १ टक्काच धरला होता, कारण त्यांनी तपासलेला तुकडा पहिल्या लॉटचा होता. एकवीस इंचांवर दोन टक्के जादा आट म्हणजे तीन सुतांहून थोडं जास्त. एल साडेवीसकडे घसरला.

हे सगळं समजल्यावर मास्तर म्हणाले, "मॅडम, धुण्याआधी एल बरोबर एकवीसच्या वर होता. मी स्वतः मोजलाय." आणि ते खरंच होतं. तक्त्यात आधी की नंतर हे लिहिलेलं नसल्यामुळे त्यांनी शिलाईनंतर, वॉशला जायच्या आधी मोजला होता. त्यात त्यांची चूक काढता येत नाही.

आणखी एक किरकोळ गोष्ट, पण सांगते. डिझायनरची कापडी टेप आणि मास्तरांची टेप शेजारी ठेवल्या, तर चाळीस इंचांत एक सूत फरक होता. कापडी टेप वापरून ताणते. तेव्हापासून मी फायबरच्या दोन टेप एकदम विकत घेते, एक ब्रँडला देते आणि एक कारखान्याला.

## समोरचे पर्याय

एम आणि एल मिळून २९० नग. विकून परत आलेले धरून सगळे हाताशी होते. डिझायनरच्या मनात पहिला पर्याय सगळा माल परत पाठवायचा. मी तिला तक्ता दाखवून विचारलं, कोणत्या ओळीच्या जोरावर? नमुना तपासणीच्या रूढ तक्त्यात जनरल लेव्हल दोन घेतली, तर ४८० नगांच्या लॉटमधून ५० नग तपासायला काढतात आणि एक्यूएल, म्हणजे चालवून घ्यायच्या दोषांची पातळी, २.५ धरली तर ३ दोषी नगांपर्यंत लॉट पास होतो. तिच्याच टॉलरन्सने मोजलं तर हा लॉट आरामात पास होत होता. भांडण लावून धरलं असतं तर ती हरली असती आणि चांगला कारखाना गमावला असता.

दुसरा पर्याय साइज लेबल बदलायचा. साडेवीस छातीच्या एलला एम म्हणून विकायचं. ऐकायला सोपं वाटतं, पण छाती एमची झाली तरी खांदा एलचाच, बाही एलची, कॉलर एलची. परत येणारा नग वेगळ्या कारणाने परत आला असता.

तिसरा, बाजूच्या शिवणी उसवून एम आत घ्यायचा. ओव्हरलॉक केलेली, वॉश झालेली शिवण उसवली की पॉपलिनवर टाक्यांची रेघ दिसते. एक नग करून पाहिला आणि तो विचार तिथेच सोडला.

चौथा म्हणजे प्रत्येक नग मोजायचा, ज्यांची छाती धड एमची नाही आणि धड एलची नाही ते बाजूला काढायचे आणि बाकीचे नेहमीसारखे विकायचे.

## काय केलं

चौथा पर्याय घेतला. एक दिवस, दोन माणसं, २९० नग. प्रत्येकाची छाती मुंढ्याच्या शिवणीखाली एक इंचावर मोजली, कपडा टेबलावर सपाट, बटणं लावलेली, ओढाताण न करता. वीस इंच तीन सुतांपासून पुढचे एम निघाले ६१. वीस इंच पाच सुतांपर्यंतचे एल निघाले ५८. एकूण ११९ नग. यातले टॉलरन्सच्या बाहेर किती? तीन. ते तीन एल कारखान्याने काही न बोलता परत घेतले.

बाकी ११६ नग ऑनलाइनवरून काढले आणि पुढच्या प्रदर्शनात स्टॉलवर लावले. तिथे बायका कपडा घालून बघतात. लेबलवर काय लिहिलंय यापेक्षा आरसा काय सांगतो ते महत्त्वाचं ठरतं. थोडी सूट देऊन बहुतेक गेले. ऑनलाइनला राहिलेल्या १७१ नगांमध्ये परतीचं प्रमाण तिच्या टी-शर्टइतकंच राहिलं.

इथे एक निर्णय वादाचा होता. कारखान्याकडून काही रक्कम मागायची का? डिझायनरला मागायची होती. माझं मत पडलं की दुसऱ्या लॉटचं कापड न तपासता कापलं ही त्यांची चूक आहे, पण टेक पॅकमध्ये "प्रत्येक लॉटची आट तपासा" असंही कुठे नव्हतं. शेवटी पैसे मागितले नाहीत. त्याऐवजी पुढच्या ऑर्डरची साइज सेट सॅम्पल्स, म्हणजे प्रत्येक साइझचा एकेक नग, फुकट करून द्यायची असं ठरलं. तिला हा तोट्याचा सौदा वाटला होता. मला अजूनही तो बरोबर वाटतो.

## दुसऱ्या ऑर्डरचा टेक पॅक

दुसरी ऑर्डर ४०० नगांची, तीच स्टाइल, वेगळा रंग. तक्ता लिहायला मी, डिझायनर आणि मास्तर एकत्र बसलो. मास्तरांशिवाय टॉलरन्स लिहिणं म्हणजे नवरदेवाशिवाय लग्न ठरवणं, हे मी पहिल्या प्रकरणातून शिकले नव्हते, फार आधी शिकले होते. पण पहिल्या वेळी मला कोणी बोलावलंच नव्हतं.

छातीला आठ सुतांचं अंतर आहे, तर टॉलरन्स चार सुतांपेक्षा कमीच हवा हे उघड होतं. तीन ठेवला तर मोठ्यात मोठा एम आणि छोट्यात छोटा एल यांच्यात दोन सूत उरतात. दोन ठेवला तर चार सूत उरतात. डिझायनरला एक सूत हवा होता. मास्तर हसले. म्हणाले, "एक सूत तर टेप धरण्यात जातं." दोन सुतांवर, म्हणजे पाव इंचावर, दोघं राजी झाले. खांद्याला दोन साइझमधलं अंतरच चार सूत, म्हणून तिथे एक सूत. खांद्याचं माप लहान असतं आणि खांद्यावर योकचा वेगळा तुकडा असल्यामुळे ते फारसं हलत नाही, त्यामुळे मास्तरांनी हे मान्य केलं.

मग मास्तरांनी आमच्याकडून बदल्यात मागितलं. तळाचा घेर आम्ही पाव इंचावर आणत होतो. ते म्हणाले, तिथे कट आहेत, अंगाला चिकटत नाही, तिथे कशाला घट्ट धरता? बरोबर होतं. घेराला अर्धा इंच ठेवला. लांबीलाही अर्धा इंच, कारण सगळ्या साइझची लांबी एकच आहे, तिथे साइज एकमेकांत मिसळण्याचा प्रश्नच येत नाही. प्रत्येक ओळ घट्ट केली असती तर माल वाढीव दराने मिळाला असता आणि ग्राहकाला त्यातलं काही कळलंही नसतं.

कॉलरवर आम्ही जास्त वेळ घालवला. टॉलरन्स दोन्ही बाजूंना सारखाच असला पाहिजे असं नाही. कॉलर पाव इंच मोठी झाली तर चालते, पण कमी झाली तर वरचं बटण लावल्यावर गळ्याला काचते. म्हणून तिथे लिहिलं: उणे शून्य, अधिक पाव इंच. आणि त्याच्या खाली एक नवी ओळ: कॉलरच्या पट्टीची लांबी आणि गळ्याच्या शिवणीची लांबी यांत एक सुतापेक्षा जास्त फरक नको. दोन्ही भागांना वेगवेगळा पाव इंच दिला तर एक पाव इंच लांब आणि दुसरा पाव इंच आखूड होऊ शकतो. दोन्ही पास, आणि शिवताना अर्ध्या इंचाची चुणी पडणार. एकमेकांत बसणाऱ्या भागांना वेगळा टॉलरन्स देऊ नये, त्यांच्यातल्या फरकाला द्यावा.

आट ठरवायला नवं कापड आलं तेव्हा प्रत्येक लॉटचा तुकडा धुऊन पाहिला. उभ्या दिशेने ४ टक्के निघाली. तयार कुर्ता ४२ इंच हवा, तर पॅटर्न किती लांब? बरेच जण बेचाळीसचे ४ टक्के काढून मिळवतात आणि ४३.६८ लिहितात. नीट हिशोब उलटा आहे: ४२ भागिले ०.९६, म्हणजे ४३.७५. इथे फरक अर्ध्या सुताचा आहे, पण आट ८ टक्क्यांवर गेली की तो दोन सुतांवर जातो, म्हणून पहिल्यापासून भागायचीच सवय ठेवलेली बरी. टेक पॅकमध्ये मी पॅटर्नचं माप लिहिलं नाही. तयार माप लिहिलं आणि वर जाड अक्षरांत एक ओळ: "सर्व मापं वॉश आणि इस्त्रीनंतरची." पॅटर्न किती वाढवायचा हे मास्तरांचं काम, कारण आट प्रत्येक लॉटला बदलते.

मापाच्या जागा दाखवणारं एक वेगळं पान जोडलं. कुर्त्याच्या चित्रावर अक्षरं आणि रेघा: छाती मुंढ्याखाली एक इंचावर, शिवणीपासून शिवणीपर्यंत. लांबी मानेजवळच्या खांद्याच्या टोकापासून सरळ खाली. खांदा एका बाहीच्या शिवणीपासून दुसऱ्यापर्यंत. बाजूच्या शिवणीच्या तपशिलात लिहिलं, "माया चार सूत, शिवणीत पूर्ण चार सूत जाणार." कटिंगचा थर किती तावांचा याची वरची मर्यादाही मास्तरांनी स्वतः सुचवली आणि आम्ही ती लिहून घेतली.

मालकांनी या सगळ्यासाठी नगामागे बारा रुपये जास्त मागितले. घेर आणि लांबीची सूट दाखवल्यावर सातवर आले.

## निकाल

साइज सेटमध्ये एक्सएलची बाही दोन सूत कमी निघाली, ती कटिंगच्या आधीच दुरुस्त झाली. ४०० नगांतून ५० काढून मोजले. छातीत बाहेर गेलेले दोन, तीनपर्यंत चालत होते. लॉट पास. एम आणि एल यांची अदलाबदल झाल्याची तक्रार त्या मालातून आली नाही.

पण मापांची यादी समोर ठेवून पाहिली तेव्हा एक गोष्ट खटकली. एमचे जवळपास सगळे नग वीस इंच एक सूत ते दोन सूत यांच्यात होते. वीसच्या खाली एकही नाही. प्रत्येक नग स्वतंत्रपणे पास, पण सगळा माल एका बाजूला सरकलेला. टॉलरन्स एकेका नगाला तपासतो, मालाचा कल त्याला दिसत नाही. एलही तसाच वर सरकला होता म्हणून या वेळी निभावलं. एल खाली सरकला असता तर पुन्हा तेच सुरू झालं असतं.

## आज काय वेगळं करेन

तपासणीच्या पानावर आता मी सरासरीची ओळ घालते: प्रत्येक साइझच्या मोजलेल्या नगांची सरासरी ठरलेल्या मापापासून एका सुतापेक्षा दूर नको. कारखान्याला हे सुरुवातीला विचित्र वाटतं, पण पहिल्या दहा नगांवरच कल कळतो आणि मशिन तेव्हाच सारखं करता येतं. हे मी दुसऱ्या ऑर्डरलाच करायला हवं होतं.

प्री-प्रॉडक्शन सॅम्पल, म्हणजे माल सुरू होण्याआधी मंजुरीसाठी शिवलेला नग, त्याबद्दलही. पहिल्या ऑर्डरला ते झालं होतं आणि सुंदर होतं. सॅम्पल रूममधल्या एका कुशल कारागिराने, एकेरी मशिनवर, पहिल्या लॉटच्या कापडातून शिवलेलं. ज्या गोष्टींनी माल बिघडला त्यातली एकही त्यात नव्हती. आता मी पास करण्यासाठी लाइनवर शिवलेला आणि वॉश होऊन आलेला नगच मागते. कारखान्याला दोन-तीन दिवस जास्त लागतात आणि त्यावरून कुरबूर होते, ती ऐकून घ्यायची.

एक गोष्ट मला अजून नीट जमलेली नाही: जुनी आवृत्ती. टेक पॅकच्या प्रत्येक पानावर आवृत्ती आणि तारीख असते, शेवटी काय बदललं याची नोंद असते. तरीही तिसऱ्या ऑर्डरच्या वेळी मी कटिंग रूममध्ये गेले, तर भिंतीवर दुसऱ्या ऑर्डरचा तक्ता चिकटवलेला होता. दरम्यान आम्ही खांदा बदलला होता. नवी पीडीएफ मालकांच्या मोबाइलवर होती, मास्तरांच्या टेबलापर्यंत आलीच नव्हती. सुदैवाने कापणी व्हायची होती.

मी नवा तक्ता छापून आणला. मास्तरांनी तो भिंतीवर लावला, खिशातून पेन्सिल काढली आणि टॉलरन्सच्या रकान्याशेजारी रेघ मारून आपला एक रकाना केला, सुतांचा. छातीसमोर दोन, खांद्यासमोर एक, कॉलरसमोर "शून्य - दोन" लिहिलं. पुढच्या आवृत्तीत तो रकाना मी छापूनच टाकला.